दहाव्याला ‘दोन शब्द’ बोलणं होणार नसेल, तर ते कसं सांगावं

घरातलं माणूस गेलं की सावडणं उरकेपर्यंत कुणाला काही सुचत नाही. मग चौथ्या-पाचव्या दिवशी दहाव्याची तयारी सुरू होते. मंडप कुणाचा, महाराज कोणते, आचाऱ्याला किती पानं सांगायची, मेसेजमध्ये कुणाकुणाची नावं घालायची. या सगळ्या धांदलीत एक प्रश्न हमखास येतो, “घरच्यांतर्फे कोण बोलणार?” आणि सगळ्यांच्या नजरा जातात त्या माणसाकडे, ज्याच्यावर गेलेल्या व्यक्तीचा सगळ्यात जास्त जीव होता. नेमकं त्याच माणसाच्या तोंडून शब्द फुटत नसतो.

मी आमच्या भागात दशक्रिया विधीला आणि शोकसभांना सूत्रसंचालन करतो. माईक हातात असल्यामुळे ही अडचण मला अगदी जवळून दिसते. बोलायला नकार देणं गैर नाही, पण तो कुणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत दिला यावर पुढचं सगळं ठरतं. नीट दिलेला नकार कार्यक्रमात कुणाच्या लक्षातही येत नाही. अर्धवट दिलेला नकार मात्र ऐन घाटावर सगळ्यांसमोर उघडा पडतो. ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. उदाहरण नगर जिल्ह्यातलं, प्रवरेकाठच्या एका गावचं घेतलं आहे. मामा गेले, ते गावच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. लहानपणापासून त्यांच्याकडेच वाढलेल्या भाचीला बोलायला सांगितलं होतं. हे सगळं तिला विचारूनच सांगतो आहे.

आधी स्वतःशी खात्री करा

भीती आणि शोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माईकची भीती असेल तर चार ओळी पाठ करून, हातात कागद धरून निभावता येतं. शोकाने घसा बंद होतो तेव्हा कागदाचा उपयोग होत नाही. रडू येतं तेव्हा शरीर जास्त हवा आत घेण्यासाठी स्वरयंत्रातली फट उघडी ठेवू पाहतं. बोलायला मात्र स्वरतंतू जवळ यावे लागतात आणि आवंढा गिळायला ती फट मिटावी लागते. दोन्ही ओढी एकाच वेळी सुरू झाल्या की घशात गोळा अडकल्यासारखं होतं आणि आवाज निघाला तरी चिरकतो. “मन घट्ट कर” म्हणून हा गोळा खाली उतरत नाही, कारण तो मनाच्या निर्धाराने चालणारा भागच नाही.

खात्री करायची सोपी रीत अशी. दार लावून घ्या, उभे राहा आणि गेलेल्या माणसाला तुम्ही ज्या नावाने हाक मारायचात ते नाव मोठ्याने उच्चारा. त्यापाठोपाठ भूतकाळातलं एक वाक्य म्हणा. भाचीने म्हणून पाहिलं, “मामा मला सायकलवर शाळेत सोडायचे.” ‘मामा’ झालं, ‘सायकलवर’ झालं आणि पुढे आवाज नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच. भूतकाळाचं क्रियापद हीच बहुतेकांची अडण्याची जागा असते, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. दोनदा तिथेच अडलात तर पुढे ताणू नका. नुसते हात थरथरत असतील, छाती धडधडत असेल, पण वाक्य पुरं होत असेल, तर मात्र नकार देण्याआधी एक दिवस थांबून बघायला हरकत नाही.

शोकात घसा दाटणं हा आजार नव्हे. पण दहावा-तेरावा होऊन कित्येक आठवडे गेले तरी जेवण नाही, झोप नाही, जगण्यातच अर्थ वाटेनासा झाला, तर तो वेगळा विषय आहे आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जायला हवं. सरकारच्या ‘टेली-मानस’च्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

‘बघते’ म्हणू नका

आपल्याकडे शोकाच्या घरात कुणी स्पष्ट ‘नाही’ म्हणत नाही. विचारलं की तोंडातून निघतं, “बघते”, “जमलं तर बोलेन”, “तेव्हाचं तेव्हा बघू”. बोलणाऱ्याला वाटतं आपण टाळलं. ऐकणारा त्याचा होकार धरतो. तो तसाच यादीत नाव लिहितो, यादी माझ्याकडे येते आणि प्रवचन संपल्यावर मी माईकवरून त्या नावाचा पुकारा करतो. भाचीच्या बाबतीत नेमकं हेच होऊ घातलं होतं. मामेभावाने फोनवर विचारलं, ती “बघते रे दादा” म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत तिचं नाव यादीत दुसऱ्या क्रमांकावर आलं होतं.

म्हणून खात्री झाल्या झाल्या सांगा. दहाव्याच्या निदान तीन दिवस आधी सांगितलंत तर दुसरी सोय व्हायला पुरेसा वेळ मिळतो. आदल्या रात्री सांगितलंत तर सगळा ताण घरातल्या अशा माणसावर येतो, ज्याला आधीच दहा फोन चालू आहेत. कोल्हापूर, साताऱ्याकडे रक्षाविसर्जनालाच लोक बोलतात, तिथे हाताशी जेमतेम एक दिवस असतो. तिथे विचारलं त्याच क्षणी सांगणं बरं.

सांगायचं कुणाला

विचारणारा आणि ठरवणारा बहुधा एकच नसतो. विचारतो मुलगा किंवा जावई. कार्यक्रम ठरवतो एखादा चुलता, भावकीतला जाणता माणूस किंवा गावातला कार्यकर्ता. यादी असते सूत्रसंचालकाकडे. तुमचा नकार या तिघांपैकी दोघांपर्यंत पोचलाच पाहिजे, ज्याने विचारलं तो आणि ज्याच्या हातात माईक आहे तो. पहिल्याला सांगणं हा मान आहे. दुसऱ्याला सांगितल्याने तुमचं नाव पुकारलं जात नाही.

कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र हे टाकू नका. तिथे वीस जण समजूत घालायला येतात. कुणी म्हणतं, “अगं, तूच बोलायला हवंस”, कुणी हात जोडल्याची चिन्हं टाकतं आणि तुम्हाला एकाच प्रश्नाला वीसदा नकार द्यावा लागतो. एकेकट्याला फोन करा. फोनवरही आवाज फुटणार नाही असं वाटत असेल तर लिहून पाठवा, त्यात काही कमीपणा नाही. भाचीने मामेभावाला पाठवलेला मेसेज असा होता:

“दादा, मामांबद्दल दहाव्याला मी बोलू शकणार नाही. दोनदा घरी म्हणून बघितलं, आवाजच निघत नाही. ‘बघते’ म्हणाले होते, ते आता ‘नाही’ असं धर. मी घाटावर सकाळपासून असेन, मामीजवळ बसेन. मला जे सांगायचंय ते एका पानावर लिहून परवापर्यंत देते, ते दुसऱ्या कुणीतरी वाचावं. कोण वाचेल ते तू आणि मी मिळून ठरवू. मामींना मी स्वतः सांगते.”

हा मेसेज मी मुद्दाम पुरा दिला, कारण त्यात जे हवं ते सगळं आहे. ‘नाही’ पहिल्याच ओळीत आहे. कारण एका वाक्यात आणि खरं आहे. येणार आहे, बसणार आहे, हे स्पष्ट आहे, नाहीतर ‘बोलणार नाही’चा अर्थ लोक ‘येणार नाही’ असा घेतात आणि मग भलतेच गैरसमज होतात. रिकाम्या होणाऱ्या जागी काय येणार तेही तिनेच सांगितलं आहे. नकार ऐकून समोरच्याला जी काळजी वाटते ती, आता घरच्यांतर्फे कोण, एवढीच असते. तिचं उत्तर नकाराच्या सोबत गेलं की आग्रह बहुतेक वेळा तिथेच थांबतो.

कारण मात्र खरंच द्या. “घसा बसलाय”, “ऑफिसमधून उशीर होईल” असली कारणं दोन दिवसांपुरती असतात. दहाव्याला तुम्ही समोर दिसलात की कुणीतरी मायेनेच म्हणतं, “बरं वाटतंय ना आता? मग बोल की दोन शब्द.” तिथे दुसरं कारण सुचत नाही. “दुःखामुळे आवाज फुटत नाही” या कारणाला कुणाकडेही औषध नसतं, म्हणून ते टिकतं.

मोठ्यांचा आग्रह

सगळ्यात अवघड असतं ते घरातल्या मोठ्या बाईमाणसाने, नाहीतर गेलेल्याच्या भावाने सांगितलेलं मोडणं. तिथे मेसेज चालत नाही, जाऊन बसावं लागतं. मामी म्हणाल्या, “अगं, यांना तुझं किती कौतुक होतं. तू नाही बोललीस तर लोक काय म्हणतील?” भाचीने वाद घातला नाही. ती म्हणाली, “मामी, मी उभी राहिले तर माझ्या तोंडून एकच शब्द येईल आणि मग सगळे माझ्याकडे बघत बसतील. मामांचं राहूनच जाईल. मी लिहून देते. आधी तुम्हाला वाचायला देते, तुम्ही हो म्हणाल तेच जाईल.”

मामी नरमल्या त्या शेवटच्या वाक्यावर. ‘लोक काय म्हणतील’ यामागे बहुतेकदा ‘माझ्या माणसाबद्दल कुणी आतून बोलणारच नाही का’ ही भीती असते. तिला हातात कागद देणं हे लोकांविषयी वाद घालण्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतं. “शेवटचं एवढंही करणार नाहीस का” असं कुणी टोचून बोललंच तर उत्तर लांबवू नका. “काका, मामांचं जे करायचं ते मी करतेय. फक्त माईकवर बोलणं मला होणार नाही,” एवढं म्हणून दुसऱ्या कामाला लागा. लांब स्पष्टीकरण दिलं की त्यातलं एखादं वाक्य धरून आग्रह पुन्हा सुरू होतो.

पान कसं लिहावं

लिहून द्यायची सक्ती नाही. पण दिलंत तर नकार देणं तुमच्यासाठीही सोपं जातं. दुसऱ्याने वाचायचं पान आणि स्वतः बोलायचं भाषण यांत फरक असतो, तो सांभाळावा लागतो.

लांबी आधी ठरवा. सावकाश वाचताना मराठीत मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. घाटावर उन्हं चढत असतात, पिंडाला कावळा शिवायची वाट बघायची असते, लोकांना पुढे जेवायला जायचं असतं. अडीच-तीन मिनिटं पुष्कळ झाली, म्हणजे तीनशे शब्द, वहीचं फार तर दीड पान. याहून लांब लिहिलंत तर वाचणारा घाई करतो आणि चांगला भाग घाईत जातो.

‘सहृदय’, ‘मनमिळाऊ’, ‘सगळ्यांच्या मदतीला धावणारे’ हे शब्द टाळा. तुमच्या आधी बोललेले सरपंच, संस्थेचे चेअरमन, मुख्याध्यापक तेच म्हणून गेलेले असतात. त्यांच्याकडे नसलेली गोष्ट तुमच्याकडे आहे, ती द्या. भाचीच्या पानातला एक भाग असा होता:

“जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मामा सगळ्या मुलांच्या वह्या घेऊन ओसरीवर बसायचे. खाकी कागद, कात्री आणि वाटीत खळ. कव्हर घालून झालं की नाव स्वतः लिहायचे. माझं आडनाव त्यांच्या घरातल्या इतरांपेक्षा वेगळं. पहिल्या वर्षी मी विचारलं, माझी वही वेगळी दिसेल का? त्यांनी त्या दिवशी सगळ्यांच्या वह्यांवर फक्त पहिलं नाव लिहिलं. पुढे दहावीपर्यंत आमच्या घरात कुणाच्याच वहीवर आडनाव नव्हतं.”

यात कौतुकाचं एकही विशेषण नाही. ओसरीवर बसलेल्या त्या माणसाला त्यांच्या वर्गात शिकलेल्या प्रत्येक माणसाने ओळखलं.

वाक्यं एका दमात वाचता येतील इतकी आखूड ठेवा. अगदी खासगी असेल ते, म्हणजे आजारपणातले शेवटचे दिवस, दवाखान्यातलं बोलणं, घरातले जुने वाद, पानात येऊ देऊ नका. वाचणाऱ्यालाही ते पेलत नाही आणि पुढ्यात बसलेल्या घरच्यांनाही. मोठ्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला लिहा, दोन ओळींत जागा सोडा, पानांना आकडे घाला. घाटावर वारा असतो, कोपऱ्याला टाचणी लावा. त्याच पानाचा फोटो वाचणाऱ्याच्या फोनमध्येही असू द्या.

वाचणारा कोण

जवळचा नको. सख्ख्या मुलाला वाचायला दिलंत तर तुमचा हुंदका त्याच्या गळ्यात जाईल. अगदी परकाही नको, त्याला नावं नीट उच्चारता येत नाहीत. एक पाऊल लांबचा माणूस शोधा. जुना विद्यार्थी, शेजारी, सोबत नोकरी केलेला सहकारी. मामांचं पान त्यांच्याच एका विद्यार्थ्याने वाचलं, तो आता दुसऱ्या शाळेत शिक्षक आहे. त्याला मोठ्याने वाचायची सवय आहे आणि मामांना ‘सर’ म्हणून ओळखण्याइतकी जवळीकही आहे.

आदल्या दिवशी फोनवर त्याला एकदा पूर्ण वाचायला लावा. तुम्ही ऐकलं नाहीत तरी चालेल, घरातलं दुसरं कुणी ऐकेल. तो कुठे अडखळतो ते कळतं, घरातली हाक मारायची नावं तो कशी उच्चारतो ते कळतं. त्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. सुरुवातीला म्हणायचं, “हे शब्द सरांच्या भाचीचे आहेत, मी फक्त वाचतो आहे.” आणि आपल्या पदरचं काही जोडायचं नाही. त्याला स्वतःचं बोलायचं असेल तर ते वेगळं, नंतर. दोन्ही मिसळलं की ‘मी’ म्हणजे नक्की कोण, हे ऐकणाऱ्याला कळेनासं होतं.

स्वतःच्या आवाजात घरी रेकॉर्ड करून ते लावण्याची कल्पना हल्ली पुष्कळांना सुचते. शहरातल्या हॉलमध्ये, चांगली ध्वनिव्यवस्था असेल तर ते होऊ शकतं. घाटावर मी त्याचा सल्ला देत नाही. फोन माईकला धरून लावलेला आवाज चार ओळींपलीकडे कुणाला कळत नाही आणि मध्येच कुणाचा तरी कॉल येतो. शिवाय घरी तीनदा रडून रेकॉर्ड करायचं ओझं तुमच्याच डोक्यावर येतं, जे टाळायला तुम्ही नकार दिला होता.

सूत्रसंचालकाला काय सांगावं

हे काम लोक विसरतात आणि सगळी कसरत तिथे वाया जाते. आदल्या संध्याकाळी त्याला फोन करा, किंवा घरच्यांपैकी कुणाला करायला सांगा. चिठ्ठीच दिलीत तर आणखी बरं, कारण सकाळी त्याच्या हातात दहा कागद असतात. मला भाचीच्या घरून आलेली चिठ्ठी तीन ओळींची होती. “ताईंचं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत नाही. त्यांचं लेखी मनोगत सरांचे विद्यार्थी वाचतील, मुख्याध्यापकांच्या नंतर. त्या बोलू शकत नाहीत असं माईकवर सांगू नये.”

तिसरी ओळ महत्त्वाची आहे. काही निवेदक सहानुभूतीने म्हणतात, “त्यांच्या भाचीला इतकं दुःख झालं आहे की त्या बोलण्याच्या मनःस्थितीत नाहीत.” त्या क्षणी मंडपातली प्रत्येक मान तुमच्याकडे वळते. ज्यापासून दूर राहायचं होतं तेच घडतं. मी तेव्हा एवढंच म्हणालो, “सरांच्या भाचीने लिहिलेलं मनोगत आता आपण ऐकू या.” बस.

ऐन वेळी बोलावंसं वाटलं तर? वाटू शकतं, तशी मुभा स्वतःकडे ठेवा, निवेदकाकडे ठेवू नका. “मला बोलावू नका, वाटलंच तर मी तुम्हाला खूण करेन,” असं सांगून ठेवा. ‘वाटलं तर बोलेन’ एवढंच सांगितलंत तर तो दर पाच मिनिटांनी तुमच्याकडे प्रश्नार्थक बघत राहील.

प्रत्यक्ष घाटावर

माईकच्या समोरच्या ओळीत बसू नका. बायकांच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत, कडेची जागा घ्या, म्हणजे उठून जावंसं वाटलं तर कुणाला ओलांडावं लागत नाही. शेजारी एक असं माणूस बसवा ज्याला सगळं ठाऊक आहे आणि जे तुमच्या वतीने ‘नाही’ म्हणू शकेल. तुमचं पान वाचलं जात असताना तिथे थांबायचं की नदीकडे जाऊन उभं राहायचं, हे आधीच ठरवा. दोन्ही चालतं. भाची थांबली होती, पण तिची मावसबहीण पाण्याची बाटली घेऊन जवळ होती.

एवढं करूनही एखादा पुढारी आपलं भाषण संपवताना उत्साहाने म्हणतो, “आता त्यांच्या लाडक्या भाचीनेही दोन शब्द बोलावेत.” असं झालं तर बसल्या जागी मान हलवून नकार देऊ नका. आग्रह वाढतो आणि माईकच तुमच्याकडे सरकवला जातो. उभे राहा, सगळ्यांना हात जोडा, तसंच सावकाश फोटोपाशी जा, ताटातलं फूल वाहा, नमस्कार करा आणि जागेवर परत या. बोलायचं काहीच नाही. लोकांना ती तुमची श्रद्धांजली म्हणून पुरते आणि समजदार निवेदक लगेच पुढचं नाव घेतो. मी असं घडताना पाहिलं आहे, त्यानंतर कुणी दुसऱ्यांदा म्हटलेलं मला आठवत नाही.

शहरात, हॉलमधल्या संध्याकाळच्या शोकसभेत हे सगळं थोडं सोपं असतं. तिथे वेळ बांधलेली असते, यादी छापलेली असते, दार मागे असतं. परदेशातल्या मराठी घरांत अंत्यविधीच्याच वेळी बोलायची पद्धत असते आणि निरोप दोन-तीन दिवसांत येतो, त्यामुळे तिथे नकार आणि पान एकाच फोनवर उरकावं लागतं.

नंतर

दहावा झाल्यावर ते पान वाचणाऱ्याकडे राहू देऊ नका, मागून घ्या. एक स्वच्छ प्रत घरच्यांना द्या. घरात कुणी स्मरणिका काढायची म्हटलं, वर्षश्राद्धाच्या जाहिरातीसाठी मजकूर हवा झाला, तर तेच उपयोगी पडतं आणि तुम्हाला पुन्हा लिहायला बसावं लागत नाही. वर्षश्राद्धाला परत बोलायची विचारणा होण्याची शक्यता असते. तेव्हा तीच खोली, तेच दार, तेच वाक्य घेऊन एकदा म्हणून बघा. भाचीने मला मागच्या महिन्यात फोन करून सांगितलं की ‘सायकलवर’च्या पुढे आता एक शब्द जातो, पण या वर्षीही पान तोच विद्यार्थी वाचेल. मी यादीत तसं लिहून ठेवलं आहे.